आठवड्यातून एकदा जमिनीवर

कोस्टा रिकाच्या जंगलात राहणारा तीन बोटांचा स्लॉथ आठवड्यातून साधारण एकदाच झाडावरून उतरतो. बुंध्याला मिठी मारून तो सावकाश मुळांपाशी येतो, आखूड शेपटीने पाचोळ्यात खळगा करतो, त्यात विष्ठा टाकतो आणि पुन्हा वर चढू लागतो. जमिनीवर त्याला धड चालताही येत नाही. मागच्या पायांत जोर नसतो, त्यामुळे पुढच्या नख्या रोवून अंग ओढत न्यावं लागतं. जोनाथन पाउली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे प्रौढ स्लॉथांच्या मृत्यूंची नोंद ठेवली, तेव्हा निम्म्याहून अधिक मृत्यू जमिनीवर किंवा जमिनीलगत झालेल्या शिकारीचे निघाले. विष्ठा वरूनही टाकता आली असती. मग एवढा धोका पत्करून हा प्राणी खाली का येतो?

आधी त्याचा रोजचा हिशेब पाहायला हवा. हा स्लॉथ जवळजवळ फक्त पानांवर जगतो. पानांत तंतू भरपूर, पोषण कमी, आणि वर झाडाने स्वतःच्या रक्षणासाठी भरलेली कडू, विषारी रसायनं. पाउलींच्या गटाने मोजलं, तेव्हा तीन बोटांच्या स्लॉथचा रोजचा खर्च अतिशय कमी भरला. चार किलोच्या स्लॉथला म्हणजे दिवसाला सुमारे ११० कॅलरी लागतात. आपल्या ताटातल्या साधारण एका पोळीएवढ्या ऊर्जेत त्याचं चढणं, पचवणं, श्वास घेणं, पिल्लू वागवणं सगळं भागतं.

ही काटकसर सर्वांत जास्त दिसते ती पोटात. त्याच्या जठराला अनेक कप्पे असतात आणि त्यांतले सूक्ष्मजीव पानांचे तंतू आंबवून फोडतात. हे काम इतकं संथ चालतं, की आज खाल्लेल्या पानाचा अवशेष बाहेर पडायला कित्येक दिवस, कधी महिनाभरही लागतो. त्यामुळे पोट सदैव गच्च. आतला ऐवज शरीराच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा भरू शकतो. उलटं लटकल्यावर एवढा भार फुप्फुसांवर आला, तर प्रत्येक श्वास महाग पडेल. म्हणून त्याचे आतले अवयव चिवट पट्ट्यांनी खालच्या बरगड्यांना बांधलेले असतात. वर्षानुवर्षं स्लॉथांचा अभ्यास करणाऱ्या बेकी क्लिफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये हे दाखवून दिलं. मला तरी स्लॉथच्या शरीरातली ही सर्वांत देखणी सोय वाटते.

शरीर एकसारखं गरम ठेवण्यावरही तो फारशी ऊर्जा घालत नाही. त्याचं तापमान हवेबरोबर काही अंशांनी खालीवर होतं, म्हणून थंड सकाळी तो शेंड्याकडे जाऊन ऊन खातो. हवा तापली की पानंही जास्त खातो, असं क्लिफ यांच्या नोंदींत दिसलं.

आता त्याच्या केसांकडे वळू. प्रत्येक केसावर आडव्या भेगा असतात. त्यांत पावसाचं पाणी मुरतं आणि हिरवं शेवाळ वाढतं. त्यातल्या एका शेवाळाचं नाव ट्रायकोफिलस, आणि ते मुख्यतः स्लॉथच्याच अंगावर सापडतं. त्याच केसांत बारीक पतंगही राहतात. स्लॉथ खाली उतरला की मादी पतंग ताज्या विष्ठेत अंडी घालते. अळ्या त्या विष्ठेवरच वाढतात आणि पंख फुटल्यावर वर उडून एखाद्या स्लॉथच्या केसांत घर करतात. पतंग मरून तिथेच कुजतात, त्यातून नायट्रोजन मिळतो. पाउलींच्या गटाने २०१४ मध्ये केस तपासले, तेव्हा जास्त पतंग असलेल्या अंगावर नायट्रोजनही जास्त होता आणि शेवाळही. स्लॉथच्या जठरातल्या ऐवजातही हे शेवाळ सापडलं. ते सहज पचतं आणि त्यात पानांपेक्षा स्निग्धांश बराच जास्त असतो. यावरून त्यांनी मत मांडलं, की खाली उतरणं ही एक प्रकारची पेरणी आहे: पतंग वाढवायचे, त्यांच्यावर शेवाळ पोसायचं आणि ते खाऊन पानांच्या निकृष्ट आहाराला जोड द्यायची.

कल्पना मोहक आहे, पण सगळ्यांना ती पटलेली नाही. जठरात मिळालेलं शेवाळ थोडंच होतं, आणि अंग चाटून पोट भरणारा स्लॉथ जंगलात कुणी नीट पाहिलेला नाही. काहींच्या मते बुंध्याशी टाकलेली विष्ठा हा इतर स्लॉथांसाठी वासाचा निरोप असावा. तूर्त एवढं पक्कं म्हणता येतं, की हिरवट अंग फांद्यांत मिसळून जातं आणि वरून शोधणाऱ्या हार्पी गरुडाला ते हेरणं अवघड होतं.

पिल्लू जन्मतं तेव्हा त्याच्या केसांवर हा हिरवा रंग नसतो. कित्येक महिने ते आईच्या पोटाला बिलगून फिरतं. आई पान चघळत असते तेव्हा तिच्या ओठांवरचा रस चाटून कुठल्या झाडाचं पान खायचं ते शिकतं, आणि ट्रायकोफिलसही बहुधा तिच्याच अंगावरून त्याच्या केसांत येऊन रुजतं.