फंड वाढला, पण पैसे घटले

वर्षभरात फंड आठ टक्क्यांनी वाढला आणि त्याच फंडात पैसे ठेवणाऱ्याला मात्र 22 हजारांचा तोटा झाला, असं ऐकलं की कुणीतरी हिशेबात गडबड केली असणार असं वाटतं. पण वर्षाच्या मध्ये खात्यात भर पडली असेल, तर या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. 1 एप्रिलला एका गृहस्थांनी म्युच्युअल फंडात एक लाख रुपये गुंतवले. त्या दिवशी एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, 50 रुपये होती, म्हणून त्यांना 2,000 युनिट मिळाले. सहा महिन्यांत एनएव्ही 60 वर गेला आणि लाखाचे एक लाख वीस हजार झाले. तेवढ्यात निवृत्तीची रक्कम हाती आली. फंड चांगला चाललाय हे दिसतच होतं, म्हणून 1 ऑक्टोबरला त्यांनी आणखी तीन लाख घातले आणि 60 च्या भावाने 5,000 युनिट घेतले. पुढे बाजार उतरला. 31 मार्चला एनएव्ही 54 होता. एकूण 7,000 युनिटांची किंमत झाली 3,78,000 रुपये, आणि खिशातून गेले होते चार लाख.

फंडाकडून पाहिलं तर 50 चे 54 झाले, म्हणजे आठ टक्के वाढ. पहिल्या सहामाहीत 20 टक्के वर आणि दुसरीत 10 टक्के खाली, 1.20 गुणिले 0.90 बरोबर 1.08. कोणत्या सहामाहीत खात्यात किती पैसे होते, हा प्रश्न इथे येतच नाही. याला कालभारित परतावा म्हणतात. पैसे कधी यावेत हे फंड व्यवस्थापकाच्या हातात नसतं, त्यामुळे त्याचं काम जोखायला हेच माप न्याय्य आहे. पोर्टफोलिओ मॅनेजमेंट सेवा देणाऱ्यांनी आपली कामगिरी याच पद्धतीने सांगावी, असा सेबीचा 2020 पासून दंडक आहे.

आता गृहस्थांकडून पाहू. 20 टक्क्यांची वाढ त्यांच्या फक्त एका लाखाला मिळाली, तर 10 टक्क्यांची घसरण चार लाख वीस हजारांनी सोसली. अनेक जण इथे 22 हजारांना चार लाखांनी भागून साडेपाच टक्के तोटा काढतात. ते बरोबर नाही, कारण तीन लाख खात्यात सहाच महिने होते. प्रत्येक रक्कम जितके दिवस खात्यात होती तितके दिवस धरून, सगळ्या रकमांना मिळून शेवटी 3,78,000 पर्यंत आणणारा एकच वार्षिक दर शोधावा लागतो. इथे तो उणे 8.7 टक्के येतो. हा रकमभारित परतावा. गुंतवणुकीच्या ॲपवर ‘एक्सआयआरआर’ म्हणून दिसतो तो हाच.

स्प्रेडशीटमध्ये तो स्वतः काढता येतो. A स्तंभात तारखा आणि B स्तंभात रकमा लिहा. घातलेले पैसे उणे चिन्हाने आणि आजची किंमत अधिक चिन्हाने:

```
=XIRR(B2:B4, A2:A4)
```

सगळ्या रकमा एकाच चिन्हाच्या लिहिल्या तर `#NUM!` असं उत्तर येतं. याहून फसवी चूक उत्तर बिनतक्रार येतं तेव्हा होते. हे सूत्र नेहमी वार्षिक दर देतं. महिनाभरात तीन टक्के मिळाले असतील, तर ते जवळपास 43 टक्के दाखवतं. म्हणून नव्या खात्याचा एक्सआयआरआर वर्ष होईपर्यंत मनावर घेऊ नये.

शेअर थेट घेतलेल्या खात्याला एनएव्ही नसतो. तिथे कालभारित परतावा हवा असेल, तर भर घालण्याच्या दिवशी, नवे पैसे घालण्याआधी, खात्याची पूर्ण किंमत टिपून ठेवावी लागते. आपल्या उदाहरणात ती 1,20,000 होती. ही नोंद राहिली तर हे माप नीट काढता येत नाही. एक्सआयआरआरला मात्र तिची गरज पडत नाही.

दोन मापांतला फरक पैसे कधी आले यावरून पडतो. तेच तीन लाख घसरणीनंतर आणि वाढीच्या आधी आले असते, तर गृहस्थांचा आकडा फंडाच्या आकड्याहून वर गेला असता. तरीही हा फरक म्हणजे गुंतवणूकदाराची चूक, असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. निवृत्तीची रक्कम निवृत्तीलाच मिळते, तिची वेळ कुणी निवडत नाही. मात्र नुकतीच झालेली वाढ पाहून सगळी रक्कम एकदम घातली असेल, तर त्या निर्णयाची किंमत याच फरकात दिसते.

त्यामुळे एजंटाने ‘परतावा आठ टक्के’ म्हटलं, की तो फंडाचा की माझ्या पैशांचा, हे विचारा. आणि आपला एक्सआयआरआर दुसऱ्या फंडाच्या जाहिरातीतल्या परताव्याशी ताडून पाहू नका. ती दोन वेगळी मापं आहेत.