पावसाळ्यात टिकणारं काळं अक्षर

सकाळी ९. तहसील कचेरीसमोरचं आमचं झेरॉक्सचं दुकान उघडलं की पहिलं काम नोझल चेकचं. आमच्या टँकवाल्या प्रिंटरमध्ये काळी शाई पिगमेंटची, बाकी तीन रंग डायचे. डाय पाण्यात साखरेसारखी विरघळलेली असते. पिगमेंटचे कण विरघळत नाहीत, नुसते तरंगतात, म्हणून प्रिंटर काही दिवस बंद राहिला की ते हेडच्या छिद्रांत सुकून बसतात. काळ्या रेषा तुटक दिसल्या तर हेड क्लीनिंग करूनच पुढचं काम घेतो.

११. बाहेर जुलैचा पाऊस. एक काका वारसनोंदीचा अर्ज घेऊन आले, दुसरीकडे टाइप करून घेतलेला. पिशवीत पाणी शिरलं होतं आणि काळी अक्षरं निळसर-जांभळी होऊन पसरली होती. "कालच काढलाय हो," ते म्हणाले. काळा रंग असा फुटला की तो डायचा, हे ओळखू येतं. पाणी लागताच डाय पुन्हा विरघळते आणि कागदाच्या धाग्यांतून पाण्याबरोबर सरकते. पिगमेंटचे कण धाग्यांत अडकून जागीच राहतात. मी अर्ज नव्याने टाइप करून दिला.

दुपारी १. पासपोर्ट फोटोंची गर्दी. ग्लॉसी कागदावर काळं पिगमेंट नीट धरत नाही, बोटाने पुसलं जातं. म्हणून सेटिंग फोटो पेपरचं असेल तर आमचा प्रिंटर काळी बाटली वापरतच नाही, तिन्ही रंग मिसळून काळा बनवतो. फोटो झाल्यावर सेटिंग Plain Paper वर आणलं नाही, तर पुढच्या गिऱ्हाइकाचा अर्जही डायनेच छापला जातो. दिसायला काळा, भिजला की गेला. त्यामुळे फोटोंनंतर मी ते दर वेळी तपासतो.

४. काचेवरचं दरपत्रक बदललं. रोज ऊन खाऊन लाल मथळा फिका गुलाबी झाला होता, काळे आकडे मात्र तसेच होते. काळं पिगमेंट म्हणजे कार्बन, जुन्या पोथ्यांच्या शाईतल्या काजळाचाच प्रकार. त्याला ऊन फारसं काही करत नाही. डायचा रेणू मात्र उजेडाने आणि हवेतल्या ओझोनने तुटतो. त्याच मथळ्याची फाइलमध्ये ठेवलेली प्रत अजून लालभडक आहे. लॅमिनेशन केलं तरी पाणी आणि हवाच अडते, उजेड अडत नाही.

६. शटर ओढायच्या आधी एकच सांगणं. खरेदीखताचा मसुदा, वंशावळ, वर्षानुवर्षं जपायचा कोणताही कागद छापून घेताना काळी शाई पिगमेंटची आहे का, हे विचारा. पाच-दहा मिनिटं सुकू द्या आणि जास्तीच्या प्रतीवर ओलं बोट फिरवून पाहा. अक्षर पसरलं, तर लेझर प्रिंट मागा. त्याचा टोनर कागदावर वितळून चिकटतो, पाण्याने फुटत नाही.