केसांतलं आवाळू

मेंदी लावताना सून म्हणते, "आई, इथे गाठ लागतेय हाताला." सासूबाईंना त्याचं काही नवल नाही. दहा वर्षांपूर्वी हरभऱ्याएवढी असलेली गाठ आता बोराएवढी झाली आहे. दुखत नाही, फक्त कंगवा अडकतो. त्यांच्या आईच्या डोक्यावरही अशा दोन-तीन होत्या.

डॉक्टरांचं निम्मं काम या माहितीनेच होतं. अशा गाठीला आपण आवाळू म्हणतो, डॉक्टर पायलर सिस्ट म्हणतात. केसाच्या मुळाभोवतीच्या आवरणापासून एक बंद पिशवी तयार होते आणि तिच्यात केराटिन साठत जातं. नखं आणि केस ज्या प्रथिनाचे बनतात, तेच हे. लोक तिला सर्रास 'चरबीची गाठ' म्हणतात, पण आत चरबी नसते. बहुतेक पायलर सिस्ट डोक्यावरच होतात, बायकांमध्ये जास्त दिसतात आणि पुष्कळदा घराण्यात चालत येतात. बोटांनी चाचपलं तर गाठ गुळगुळीत, टणक लागते आणि खालच्या हाडावरून सरकते.

त्रास नसेल तर ती तशीच राहू द्यायला हरकत नाही. काढायचीच असेल तर भूल फक्त तेवढ्या जागेपुरती देतात, छोटा छेद घेतात आणि पिशवी शक्यतो न फोडता अख्खी बाहेर काढतात. तिचं आवरण जाड असल्याने ती बहुधा सहज सुटून येते. आवरणाचा तुकडा आत राहिला तर गाठ पुन्हा भरते. म्हणूनच घरी दाबून किंवा सुईने टोचून उपयोग नाही. थोडा पांढरा गर बाहेर येतो, पिशवी तिथेच राहते, वर जंतुसंसर्गाला वाट मिळते. गोळ्या किंवा लेप यांनीही ती विरघळत नाही.

मात्र गाठ लाल, गरम होऊन ठणकू लागली, पू आला, तर दोन-चार दिवसांत डॉक्टरांना दाखवावं. वर्षानुवर्षं निवांत असलेली गाठ काही आठवड्यांत भराभर वाढली, तिच्यावर न भरणारी जखम झाली, रक्त येऊ लागलं किंवा ती हाडाला घट्ट चिकटल्यासारखी वाटली, तरीही थांबू नये. पायलर सिस्टमध्ये कर्करोग होणं फार दुर्मिळ आहे, पण डोक्यावरची प्रत्येक गाठ पायलर सिस्ट नसते. ज्यांना आधी कर्करोग झाला आहे, त्यांनी नवी गाठ लहान असली तरी दाखवावी. हाताखाली ठोके जाणवणाऱ्या गाठीला तर घरच्या कुणी हातच लावू नये.

लहान मुलांचा हिशेब वेगळा. जन्मापासून डोक्याच्या मधोमध असलेली गाठ क्वचित कवटीच्या आतपर्यंत गेलेली असते, त्यामुळे स्कॅन केल्याशिवाय तिला छेद देत नाहीत. कानामागे किंवा मानेच्या वर लागणाऱ्या छोट्या गाठी मात्र पुष्कळदा उवा किंवा डोक्यातल्या फोडांमुळे सुजलेल्या लसिका ग्रंथी असतात. मूळ कारणावर उपचार झाले की त्या हळूहळू बसतात.

गाठ काढली की ती तपासणीला पाठवणार का, हे सर्जनना आधीच विचारून ठेवावं.