कोष्टकाच्या रेषा आणि संहितेतील दंड

छापील कोष्टकाचे प्रतिमांकन करून त्यातील मजकूर अक्षरओळख प्रणालीद्वारे उतरवून घेतला असता, कोष्टकाच्या चौकटीच्या रेषा पुष्कळदा अक्षरांच्याच रूपाने मजकुरात शिरतात. उभी रेषा `|` हे चिन्ह बनते, आडवी रेषा `_` बनते. गद्य मजकुरात हा केवळ केर असतो व तो झाडून टाकता येतो. परंतु तौलनिक अभ्यासात वापरली जाणारी कोष्टके बहुधा पद्याची असतात, आणि तेथे उभी रेष ही संहितेचाही घटक असते. केर कोणता आणि संहिता कोणती, हे ठरविल्यावाचून केलेली सफाई पाठच बिघडवते.

उदाहरणादाखल तीन स्तंभांचे एक कोष्टक घेऊ. पहिल्या स्तंभात भुजंगप्रयातातील मराठी चरण, दुसऱ्यात त्याची लगक्रमाने केलेली गणविभागणी आणि तिसऱ्यात इंग्रजी अनुवाद आहे. भुजंगप्रयातात चार यगण, म्हणजे बारा अक्षरे असतात; म्हणून दुसऱ्या स्तंभातील प्रत्येक चौकोनात गणांना विलग करणाऱ्या तीन उभ्या रेषा अपेक्षित आहेत. उतरवून घेतलेला मजकूर मात्र असा मिळतो:

```
| लगागा | लगागा | लगागा | लगागा |_
```

येथे पाच उभ्या रेषा आहेत. सर्व `|` सरसकट पुसल्यास गणविभागणीच नाहीशी होते. म्हणून फक्त चौकोनाच्या दोन्ही कडांवरील चिन्हे काढावीत. पायथन भाषेत त्यासाठी पुढील एक ओळ पुरते:

```
s = re.sub(r'^[\s|_]+|[\s|_]+$', '', s)
```

यानंतर तीन रेषा उरल्या तर काम नीट झाले असे समजावे. कमी-अधिक उरल्यास तो चौकोन मूळ पानाशी ताडून पाहावा. ही मोजणी अनाठायी नाही. चरण लांब असल्याने विभागणी दोन ओळींत मोडलेली असेल, तर प्रत्येक ओळीच्या आरंभी व अखेरी चौकटीची रेषा येते. ओळी जोडल्यावर ती मधोमध जाऊन बसते व कडेच्या नियमाला सापडत नाही. यास्तव ओळी जोडण्यापूर्वीच प्रत्येक ओळीची सफाई करावी लागते. पण तसे केले की दुसऱ्या गणानंतर, ओळीच्या शेवटी असलेली खरी गणरेषाही जाते आणि तीनऐवजी दोनच उरतात. हे मोजणीनेच लक्षात येते.

पहिल्या स्तंभाला हा नियम लावूच नये. दुसऱ्या चरणाअखेरचा दंड (।) आणि चौथ्याअखेरचा दुहेरी दंड (॥) यांची संगणकीय संकेतचिन्हे `|` पासून भिन्न आहेत, तथापि प्रणाली पुष्कळदा दंडाच्या जागी `|` लिहिते. मग चरणाअखेरची रेष दंडाची की चौकटीची? निर्णय स्थानावरून होतो. टेसरॅक्ट ही मुक्त प्रणाली `tsv` स्वरूपात प्रत्येक शब्दाचे पानावरील स्थान, रुंदी व उंची देते. चौकटीची रेष सर्व ओळींत डाव्या कडेपासून जवळजवळ समान अंतरावर असते. दंड मात्र चरणाच्या लांबीनुसार मागेपुढे सरकतो. शीर्षकाच्या ओळीतही रेष दिसत असेल, तर ती चौकटीचीच, कारण शीर्षकाला दंड नसतो. दंड ठरलेल्या ठिकाणी `|` ऐवजी `।` घालावा आणि नंतरच उरलेल्या रेषा काढाव्यात. हा क्रम उलटल्यास दंड परत मिळत नाही.

उभी रेष सदैव `|` च होते असेही नाही. देवनागरीत ती काना होऊन बसते. कान्याने शब्दाचा आरंभ होत नसल्यामुळे अशी चूक तत्काळ ओळखू येते. इंग्रजी स्तंभात ती `I` किंवा `l` होते, आणि हा प्रकार अधिक घातक आहे. अनुवादाच्या ओळीआरंभी असा `I` आला की मूळ पद्यात नसलेला प्रथमपुरुषी कर्ता अनुवादात असल्याचा भास होतो. अनुवादकाने कर्त्याचे पुरुष बदलले काय, हाच ज्याचा प्रश्न, त्याच्या दृष्टीने हा साधा मुद्रणदोष राहत नाही. येथे यांत्रिक नियम नको. `I` ने सुरू होणाऱ्या ओळी वेगळ्या काढून प्रतिमेशी पडताळाव्यात.

अधोरेषेचे काम त्या मानाने सोपे. केवळ `_` असलेला चौकोन रिकामा समजावा, पण तो काढून टाकू नये. अन्यथा पुढचे स्तंभ एक घर सरकतात. पाठभेदांच्या कोष्टकात मात्र गळालेल्या अक्षराची जागा दाखविण्यासाठी संपादक अधोरेषा योजतात, म्हणून अक्षरांच्या मधली अधोरेषा राखावी.

रेषा प्रतिमेतूनच आधी पुसण्याचा मार्गही आहे. त्यात ठरावीक लांबीहून मोठ्या सरळ रेषा शोधून नाहीशा केल्या जातात. रोमन लिपीत तो निर्धोक ठरतो. देवनागरीत लांब शब्दाची शिरोरेषा ही स्वतःच एक आडवी रेष असते. मर्यादा पानावरील सर्वांत लांब शब्दाहून अधिक न ठेवल्यास अक्षरांचे माथे कापले जातात, आणि तसा मजकूर पुढे कोणतीही प्रणाली वाचू शकत नाही.