सल नको, लसही नको

भाचीचं लग्न ठरलं आणि महिन्याभरात तिचा फोन आला. "मामा, आमच्या दोघांच्या आद्याक्षरांचा मोनोग्राम करून दे ना. पत्रिकेवर हवा, पाकिटाच्या स्टिकरवर हवा आणि स्टेजच्या मागे कापून लावायलाही हवा." नवरदेवाचं अक्षर 'स', तिचं 'ल'. मी कागदावर दोन्ही शेजारी लिहिली आणि शिरोरेषा ओढली. झालं 'सल'. लग्नपत्रिकेवर मनातला सल कोण छापेल? नवरीचं अक्षर आधी घेतलं, तर 'लस'.

रोमन लिपीत ही पंचाईत सहसा होत नाही. तिथे दोन मोठी अक्षरं कशीही गुंफली तरी ती दोन अक्षरंच राहतात. जर्मन चित्रकार अल्ब्रेख्त ड्यूररने तर सही म्हणून ए या अक्षराच्या दोन पायांमध्ये डी बसवला होता. देवनागरीत मात्र एका शिरोरेषेखाली आलेली अक्षरं वाचणारा शब्द म्हणूनच वाचतो. 'स'चा काना काढून तो 'ल'ला चिकटवला, तर 'स्ल' हे जोडाक्षर होतं. त्यामुळे काय जोडायचं याच्याआधी काय जोडायचं नाही हे ठरवावं लागलं. मी दोन शिरोरेषा वेगळ्या उंचीवर ठेवायचं ठरवलं. 'स' वर, 'ल' एक पायरी खाली आणि थोडा डावीकडे सरकलेला, म्हणजे 'स'चा काना 'ल'च्या डाव्या पाकळीतून जाईल. डोळ्याला दोन अक्षरं गुंफलेली दिसतील, पण एका ओळीतला शब्द दिसणार नाही.

हे काम व्हेक्टर सॉफ्टवेअरमध्ये करायचं, कारण तिथे अक्षर म्हणजे ठिपक्यांचं चित्र नसून बाह्यरेषा असते. ती स्टिकरवर छापा नाहीतर स्टेजवर, कडा सारखीच धारदार राहते. मी Inkscape वापरतो, ते फुकट मिळतं. आपल्याकडच्या पत्रिकावाल्यांकडे बहुधा CorelDRAW असतं. आकार जोडण्या-कापण्याची हत्यारं दोन्हीकडे तीच, फक्त नावं वेगळी.

ती हत्यारं समजायला पोळपाट पुरतो. दोन पुऱ्या अर्ध्या-अर्ध्या एकमेकींवर ठेवा. दोन्ही मिळून एकच मोठा आकार केला की ते Union. Corelमध्ये त्याला Weld म्हणतात. वरच्या पुरीने खालच्या पुरीतला तिच्याखालचा भाग कापून नेला की Difference. Corelमध्ये हेच काम Trim करतं. फक्त दोघींचा सामाईक तुकडा उरला की Intersection. सामाईक तुकडा तेवढा गळाला आणि बाकीचं राहिलं की Exclusion. यांना एकत्रितपणे बूलियन क्रिया म्हणतात. जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने १८५४च्या ग्रंथात 'आणि', 'किंवा', 'नाही' यांचं बीजगणित मांडलं, त्याच्यावरून हे नाव आलं.

आता प्रत्यक्ष काम. फॉन्ट घेतला टायरो देवनागरी मराठी. कारण साधं आहे: अनेक देवनागरी फॉन्टांत 'ल' टाइप केला की हिंदी वळणाचा, उजवीकडे काना असलेला येतो. मला मधल्या देठाला दोन पाकळ्या असलेला मराठी 'ल' हवा होता, आणि सगळी रचना त्या पाकळीवरच बेतलेली होती. 'स'ची उंची १०० मिलिमीटर ठेवली, 'ल'ची तेवढीच. मग दोन्ही निवडून Path मेनूतलं Object to Path दिलं. आता ती अक्षरं टाइप केलेला मजकूर उरली नाहीत, नुसते आकार झाले. पत्रिकेच्या दुकानात "कर्व्ह करून पाठवा" म्हणतात ते हेच. त्यांच्या संगणकावर आपला फॉन्ट नसला तरी मग अक्षर बिघडत नाही. हे केल्यावर अक्षरं गटात बांधलेली येतात, म्हणून Ungroup करून ती मोकळी केली.

'ल' किती खाली सरकवायचा हा प्रश्न दिसण्याचा वाटतो, पण तो बळकटीचाही आहे. 'स'च्या पोटात एक आडवी रेघ असते, ती अक्षराचा डावा भाग कान्याला जोडते. 'ल'ची शिरोरेषा कान्याला ओलांडताना कान्यात फट पडणार. ही फट पोटातल्या रेघेच्या वर असेल, तर कान्याचा वरचा तुकडा 'स'च्या शिरोरेषेला लटकून राहतो आणि खालचा पोटातल्या रेघेला. अक्षर अखंड राहतं. फट त्या रेघेच्या खाली गेली, की कान्याचं बूड सुटं पडतं. म्हणून मी 'ल' २५ मिलिमीटरच खाली घेतला.

'ल'ची शिरोरेषा कान्याच्या डावीकडे जरा कमी येत होती. तिथे तेवढ्याच जाडीचा छोटा आयत काढला आणि 'ल'शी Union केला. इथे एक काळजी घ्यावी लागते. आयत शिरोरेषेला नुसता टेकवायचा नाही, थोडा आत घुसवायचा. नुसता टेकवला तर जोडावर केसाएवढी रेघ राहू शकते. ती पडद्यावर दिसत नाही, पण कापणाऱ्या यंत्राला दिसते. पाकळीचं टोक खाली वळून पुन्हा कान्याला भेटत होतं. तिसरी गाठ नको होती, म्हणून नोड टूलने ते टोक आखडतं घेतलं.

आता उरल्या दोन गाठी. वरची: 'ल'ची शिरोरेषा आणि काना. खालची: 'ल'ची पाकळी आणि काना. विणकामासारखं एक वरून, एक खालून असं झालं तरच दोन अक्षरं गुंफलेली वाटतात. दोन्ही गाठींत 'ल'च वर ठेवला, तर तो 'स'वर नुसता ठेवल्यासारखा दिसतो. म्हणून वरच्या गाठीत 'ल' वर, खालच्या गाठीत काना वर.

वरची गाठ अशी केली. Ctrl+D देऊन 'ल'ची एक नक्कल घेतली. गाठीवर एक छोटा आयत काढला, कान्यापेक्षा रुंद आणि शिरोरेषेपेक्षा उंच. नक्कल आणि आयत निवडून Intersection दिलं, तर हातात शिरोरेषेचा फक्त गाठीवरचा तुकडा आला. हा तुकडा चहूबाजूंनी ३ मिलिमीटर फुगवायचा. त्यासाठी Preferencesमध्ये Steps या भागात Inset/Outset by समोर ३ मिमी लिहिलं आणि Path मेनूतून एकदा Outset दिलं. मग हा फुगलेला तुकडा आणि 'स' निवडून Difference. कान्यात शिरोरेषेच्या वर-खाली ३-३ मिलिमीटरची मोकळी पट्टी पडली आणि शिरोरेषा त्यातून ऐटीत आरपार गेली. खालच्या गाठीत हेच उलटं केलं: नक्कल 'स'ची, फुगवलेला तुकडा कान्याचा आणि कापलं 'ल'ला.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे क्रम. Inkscapeमध्ये Difference नेहमी वरच्याने खालच्याला कापतं. 'स' वर राहिला असेल, तर अख्खं अक्षर गायब होतं आणि तुकड्याची एक-दोन शकलं तेवढी उरतात. घाबरायचं नाही. Ctrl+Z द्यायचं, तुकडा निवडून Home दाबायचं म्हणजे तो सगळ्यांत वर येतो, आणि पुन्हा Difference. दुसरी फसगत वर्तुळाची. भाचीला भोवती गोल रेघ हवी होती. रेघेचं वर्तुळ काढून थेट Union दिलं, तर अख्खी काळी तबकडी होते, कारण बूलियन क्रिया रेघेची जाडी मोजत नाहीत, आतला सगळा आकार धरतात. आधी Stroke to Path करून रेघेचंच कडं बनवावं लागतं.

छपाईसाठी इथे काम संपलं. स्टिकरवर 'स' २० मिलिमीटरचा होतो, म्हणजे सगळं एक पंचमांश, आणि ३ मिलिमीटरची फट उरते ०.६. ती नीट दिसते. हाच मोनोग्राम आणखी निम्मा केला तर फट ०.३ होते आणि सोनेरी फॉइलमध्ये ती भरून जायची भीती असते. लहान आकारासाठी वेगळी प्रत करून त्यात फट रुंद ठेवावी.

स्टेजसाठी मी तीच फाइल पाठवली आणि तिथे फसलो. कापणाऱ्याने रात्री फोटो पाठवला: 'स' एकीकडे, 'ल' दुसरीकडे आणि पाकळीचं डावं वळण तिसरीकडे. चूक माझीच होती. छापताना कागद सगळ्यांना धरून ठेवतो, कापताना धरणारं कोणी नसतं. दोन्ही गाठींत फटी असल्याने अक्षरं एकमेकांना कुठेच चिकटलेली नव्हती, आणि कान्याच्या पलीकडे गेलेलं वळण तर आपल्या 'ल'पासूनही तुटलं होतं.

उपाय त्याच फाइलच्या आधीच्या प्रतीत होता. वरच्या गाठीतली फट ठेवली, खालच्या गाठीत फट पाडलीच नाही, आणि मग 'स' व 'ल' निवडून Union दिलं. पाकळी आणि काना तिथे एकजीव झाले, तुटलेलं वळण परत जागेवर आलं, आणि एका गाठीने दोन्ही अक्षरं एकमेकांना धरली. खात्री कशी करायची? प्रतीची नक्कल घेऊन Path मेनूतलं Split Path द्यायचं. ते आतली भोकं जागेवर ठेवून फक्त सुटे तुकडे वेगळे करतं. पहिल्या फाइलने तीन तुकडे दिले होते, या प्रतीने एकच दिला. Break Apart भोकांनाही वेगळा तुकडा धरतं, त्यामुळे त्याच्या मोजणीवर विसंबू नये.

दुसऱ्या दिवशी कापून आलेला मोनोग्राम मी हातात धरून हलवून पाहिला. काही पडलं नाही. जवळून पाहिलं तर वरच्या गाठीत गुंफण होती, खालच्या गाठीत सरळ जोड. भाची म्हणाली, "लांबून कळत नाही रे मामा." लग्नात तिच्या आजेसासूबाईंनी तो बराच वेळ न्याहाळला आणि विचारलं, "हा स आणि हा ल ना?" मी मान हलवली. त्यांनी तो शब्द म्हणून वाचला नव्हता, एवढं मला पुरे होतं.