इस्तंबूलच्या टॅक्सीची पावती कशी वाचायची?

इस्तंबूलमध्ये अॅपवरून टॅक्सी बोलावली की प्रवास संपल्यावर फोनवर तुर्की पावती येते. भाडे जास्त वाटले की आपण लगेच ‘गर्दीचा दर लावला’ असे म्हणतो. पण तिथे आधी एक गोष्ट पाहायला हवी: हे भाडे मीटरने ठरवले की अॅपने? बाकी सगळा हिशेब त्यावर अवलंबून असतो.

2019 मध्ये न्यायालयाच्या आदेशाने तुर्कस्तानात उबर बंद झाली होती. बंदी उठल्यावर ती परवानाधारक टॅक्सींसोबत काम करू लागली. बीटॅक्सी हे तिथले अॅपही टॅक्सीच बोलावते. त्यामुळे इस्तंबूलमध्ये अॅपवरून येणारी पिवळी गाडी बहुतेक वेळा रस्त्यावर हात दाखवून थांबवता येते तीच असते. तिचा नंबर 34 T ने सुरू होतो आणि भाडे तिच्या मीटरवर पडते. मीटरचा दर शहराची वाहतूक समन्वय समिती ठरवते. पावतीवर `Taksimetre` हा शब्द असेल, तर त्या रकमेला गर्दीचा गुणक लागत नाही. पाऊस असो वा सुट्टी, किलोमीटरचा दर तोच राहतो. इस्तंबूलमध्ये रात्रीचा वेगळा दरही नाही.

मग त्याच रस्त्याला सकाळी एक आणि संध्याकाळी दुसरे भाडे का पडते? कारण वाहतूककोंडी. गाडी चालती असेल तोवर मीटर अंतर मोजते आणि ती फार हळू झाली की वेळ मोजू लागते. हा वेळेचा आकार पावतीवर वेगळ्या ओळीत येत नाही, मीटरच्या एकाच रकमेत मिसळलेला असतो. मात्र तो वजाबाकीने काढता येतो.

2025 मधल्या वाढीनंतर पिवळ्या टॅक्सीचे मीटर 54.50 लिरांपासून सुरू होत होते, प्रत्येक किलोमीटरला 36.30 लिरा पडत होत्या आणि किमान भाडे 175 लिरा होते. समजा, पावतीवर अंतर 10 किलोमीटर आहे आणि `Taksimetre` समोर 520,00 लिहिले आहे. अंतराचे 363 आणि सुरुवातीचे 54.50 मिळून 417.50 लिरा होतात. उरलेल्या 102.50 लिरा कोंडीत गेलेल्या वेळेच्या. प्रवास किती मिनिटांचा होता तेही पावतीवर पाहावे. दहा किलोमीटरला पाऊण तास लागला असेल तर हा फरक पटण्यासारखा आहे. रस्ता मोकळा होता आणि गाडी पंधरा मिनिटांत पोहोचली, तरी एवढा फरक दिसत असेल, तर मात्र अॅपकडे तक्रार करावी. हिशेबाआधी गाडीचा रंगही तपासावा, कारण निळसर-हिरव्या आणि काळ्या टॅक्सींचा दर पिवळीपेक्षा जास्त असतो.

आकडे वाचताना एक काळजी घ्यावी. तुर्की पावतीत दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारासाठी टिंब वापरतात. 1.250,00 म्हणजे साडेबाराशे लिरा.

मीटरखाली आणखी ओळी असू शकतात. `Hizmet bedeli` हे अॅपचे सेवाशुल्क, `Geçiş ücreti` हा पुलाचा किंवा बोगद्याचा टोल. `KDV dahil` म्हणजे कर धरून.

काही अॅप टॅक्सीऐवजी खासगी गाडी देतात. तिथे मीटर नसते, भाडे अॅपच ठरवते. मागणी वाढली की भाडे चढते, पण ती वाढ पावतीवर वेगळी दिसेलच असे नाही, कारण ती प्रवासाआधी दाखवलेल्या रकमेतच धरलेली असते. म्हणून गाडी बोलावतानाच्या रकमेचा स्क्रीनशॉट काढून ठेवावा आणि पावतीशी ताडून पाहावा. रक्कम वाढली असेल तर रस्ता बदलला का, मध्ये थांबा घेतला का, हे बघावे. `Bekleme ücreti` अशी ओळ असेल तर ते वाट पाहण्याचे शुल्क असते. गाडी दारात आल्यावर प्रवासी उशिरा पोहोचला तर ते लागते.

`İptal ücreti` म्हणजे रद्द करण्याचे शुल्क. ते तपासायला तीन वेळा जुळवाव्या लागतात: चालकाने फेरी स्वीकारली ती, गाडी पोहोचली ती आणि फेरी रद्द झाली ती. स्वीकारल्यावर लगेच रद्द केले तर सहसा पैसे लागत नाहीत, पण चालक बराच जवळ आल्यावर लागतात. जवळची फेरी नको असलेला चालक कधी कधी प्रवाशालाच रद्द करायला सांगतो. तसे केले तर शुल्क प्रवाशाच्या माथी पडू शकते. त्यामुळे रद्द करायला चालकालाच सांगावे. तो ऐकत नसेल तर कारण निवडताना त्याने मागणी केली असे नोंदवावे आणि त्याचा संदेश जपून ठेवावा.

बँकेच्या संदेशात दोन रकमा दिसल्या तर लगेच घाबरू नये. `Provizyon` म्हणजे कार्डवर तात्पुरती अडवलेली रक्कम. ती काही दिवसांत सुटते. अखेर खात्यातून किती गेले, ते `Toplam` म्हणजे एकूण या ओळीशी जुळते का, एवढे पाहावे. जुळत नसेल तर पावती आणि बँकेची नोंद, दोन्ही जोडून तक्रार करावी.