टाकी धुतली, तरी कावीळ कशी?

जुलैच्या पहिल्या आठवड्यात शेजारच्या सोसायटीसमोर रस्ता खणला गेला. ३ तारखेला नळाला गढूळ, उग्र वासाचं पाणी आलं. दोन दिवसांत ते निवळलं आणि लोक विसरले. १५ तारखेला बी विंगमधली एक कॉलेजची मुलगी माझ्याकडे आली. ताप रोज थोडा चढत होता, संध्याकाळी जास्त. डोकं ठणकत होतं, पोट फुगलं होतं. जीभ बाहेर काढायला सांगितली, तर मधोमध पांढरा थर आणि कडा लालभडक. रक्ताच्या कल्चरमध्ये टायफॉइडचे जंतू वाढले. आठवडाभरात त्याच विंगमधले आणखी दोघे तापले. २१ जुलैला सोसायटीने जमिनीखालची टाकी उपसली, घासली, टीसीएल पावडर टाकली.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बी विंगमध्ये चौघांना कावीळ झाली. सोसायटीच्या बैठकीत एकच प्रश्न होता: टाकी धुतली, तरी कावीळ कशी?

पाणी पोटात गेल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत टायफॉइडला साधारण एक ते तीन आठवडे लागतात. हिपॅटायटिस ए या विषाणूला दोन ते सात आठवडे, बहुतेक वेळा चार. म्हणजे ऑगस्टची कावीळ जुलैच्याच पाण्याची होती. आपण मात्र कालच्या पाणीपुरीला दोष देतो आणि खरं कारण निसटतं.

इथे ते टाकी उपसल्यावरच दिसलं. ड्रेनेजच्या चेंबरकडच्या भिंतीला तडा होता आणि तिथून ओल झिरपत होती. दुसरी वाट नळाच्या पाइपची. पाणी दोन तास येतं आणि जातं. पाइप रिकामा झाला की दाब उतरतो आणि फटीतून शेजारच्या गटाराचं पाणी आत ओढलं जातं. थेट नळाला मोटर लावली की ही ओढ वाढते. म्हणून पाणी आल्याबरोबर पहिली काही मिनिटं ते भांडी-धुण्याला घ्यावं, पिण्याचं नंतर भरावं.

टायफॉइडमध्ये विडालवर फार विसंबू नका. ती चाचणी खोटी पॉझिटिव्हही येते आणि खोटी निगेटिव्हही. अँटिबायोटिक सुरू करण्याआधी घेतलेलं कल्चर जास्त खात्रीचं. योग्य औषधानेही ताप उतरायला चार-पाच दिवस लागतात, तेव्हा दुसऱ्याच दिवशी गोळ्या बदलू नयेत आणि ताप उतरला म्हणून अर्धवट सोडू नयेत. पोटात अचानक कळ आली किंवा शौचावाटे काळं-लाल रक्त गेलं, तर थेट हॉस्पिटल गाठायचं. आतड्याला भोक पडलेलं असू शकतं.

काविळीत आधी भूक मरते, फोडणीचा वास नकोसा होतो, मग लघवी गडद होते. डोळे पिवळे होतात ते त्यानंतर. विषाणू सर्वांत जास्त बाहेर पडतो तो पिवळेपणाच्या आधीच्या दोन आठवड्यांत, म्हणून साबणाने हात धुणं घरातल्या सर्वांचंच काम. लहान मुलांना अनेकदा काहीच जाणवत नाही. मोठ्यांना आजार जड जातो. या विषाणूवर औषध नाही, बहुतेकजण आपोआप बरे होतात. त्याचं श्रेय झाडपाल्याला किंवा गळ्यातल्या माळेला मिळतं याचं मला वाईट वाटतं, कारण त्या भरवशावर क्वचित कुणाचं यकृत बंद पडायला लागलेलं लक्षात येत नाही. रुग्ण बरळू लागला, झोपाळला, हिरड्यांतून रक्त आलं, तर एक तासही थांबू नये. तापासाठी पॅरासिटामॉल डॉक्टरांना विचारूनच द्यावी.

घरात सर्वांत भरवशाचा उपाय उकळणं. बुडबुडे खळखळू लागल्यावर एक मिनिट उकळू द्यावं आणि त्याच भांड्यात झाकून गार करावं. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. साध्या कँडल फिल्टरमधून विषाणू आरपार जातो. टाकीसाठी १००० लिटरला ५ ग्रॅम टीसीएल. पावडर थेट ओतू नये. बादलीत कालवून गाळ बसू द्यावा, वरचं निवळ पाणी टाकीत घालावं आणि निदान अर्धा तास थांबावं. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडतो. ओटी चाचणीत नळाच्या पाण्याला पिवळी छटा आली नाही, तर क्लोरीन उरलेलाच नाही. पाणी काढायला लांब दांड्याचं ओगराळं ठेवावं. माठात हात बुडाला की उकळलेलं पाणीही वाया गेलं.

दोन्ही रोगांवर लस आहे. टायफॉइडची नवी कॉन्जुगेट लस नवी मुंबई महापालिकेने २०१८ मध्ये ९ महिने ते १४ वर्षांच्या मुलांना मोहीम काढून दिली होती.

त्या सोसायटीत टाकीजवळ आता एक कॅलेंडर टांगलं आहे. पाणी गढूळ आलं की त्या तारखेभोवती लाल गोल होतो. तिथून तीन आठवडे कुणाला ताप येतो का आणि सात आठवडे कुणाची भूक मरते का, हे विचारलं जातं. त्या वर्षी टाकी धुतली त्या दिवसापासून, म्हणजे २१ जुलैपासून, सात आठवडे मोजले, तर ८ सप्टेंबर आला. शेवटची कावीळ ३० ऑगस्टला सापडली.